ज्या फोनने जागा सांगितली

माझा धाकटा भाऊ गेल्यावर त्याचा कॅमेरा आईने माझ्याकडे दिला. "घरात नुसता पडून बुरशी लागेल. तू वापर," एवढंच म्हणाली. तो गाझियाबादला आईबाबांजवळ राहायचा, मी गुरुग्रामला. ऑफिसात छातीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. वयाने तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान होता.

कॅमेऱ्याची बॅग मी उन्हाळाभर उघडलीच नाही. थंडी सुरू झाल्यावर बाल्कनीतून धुक्यात बुडालेल्या टॉवर्सचे चार फोटो काढले. लॅपटॉपवर घेतले, तर नकाशाच्या रकान्यात काहीच नव्हतं. ते बरोबरच होतं. त्याने मला एकदा समजावलं होतं, "ताई, या कॅमेऱ्यात जीपीएस नाहीये यार. कुठे आहोत ते फोनला कळतं. फोन ते ब्लूटूथवरून कॅमेऱ्याला सांगत राहतो आणि कॅमेरा फोटोत लिहून ठेवतो. फक्त फोन जवळ पाहिजे." माझा फोन मी कॅमेऱ्याला जोडला नव्हता. जोडावासा वाटलाही नव्हता.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी गाझियाबादला गेले. आई तिळाच्या वड्या थापत होती, तिच्या हातांचे फोटो काढले. घरी परतून लॅपटॉपवर टाकले आणि नकाशावर एक लाल टिंब उमटलं. आईबाबांच्या सोसायटीवर, अगदी त्यांच्या इमारतीवर.

मी टिंब मोठं करून पुन्हा पाहिलं. कुठला फोन? बाबांचा साधा, बटणांचा. आईच्या फोनमध्ये असलं काही घातलेलं नाही, आणि माझा तर जोडलेलाच नव्हता. मग वाटलं, जुनी जागा कॅमेऱ्यात अडकून राहिली असेल. पण तसं असतं तर बाल्कनीतल्या फोटोंवरही तीच उमटली असती. आणि त्याचा फोन? त्याचं सिमकार्ड बाबांनी बंद करून घेतलं होतं. फोनचं काय झालं हे मी विचारलं नव्हतं. अशा वस्तूंबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सेटिंग असेल काहीतरी." असेलही. पण त्या रात्री मी कॅमेरा कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात बाबा म्हणाले, काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, जाऊन येऊ. पानिपतला ते दर वर्षी जायचे, गाडी भाऊ चालवायचा. या वेळी मी चालवली; निघताना कपाटातला कॅमेराही घेतला. बाबा पुढे बसले, आई मागे, पर्स मांडीवर घट्ट धरून. मुरथळनंतर धुकं इतकं दाटलं की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते.

स्मारकाच्या बागेत पोचलो तेव्हा पुण्याकडून आलेल्या लोकांची बस नुकतीच आली होती. कोणीतरी घोषणा देत होतं, पण धुक्यात आवाज दबल्यासारखा येत होता. बाबा हात जोडून स्तंभापाशी उभे राहिले. मी त्यांचा फोटो घ्यायला कॅमेरा सुरू केला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह उजळलं. जागा मिळते आहे, असं सांगणारं चिन्ह.

मेनूत जाऊन जोडलेल्या फोनचं नाव पाहिलं. भावाने स्वतः ठेवलेलं, रोमन अक्षरांत: 'हात लावू नका'. खाली लिहिलेलं होतं, कनेक्टेड.

मी आजूबाजूला पाहिलं. झाडं, रेलिंग, शाली गुंडाळलेली अनोळखी माणसं. कुणी तरी माझ्यापासून चारपाच पावलांवर उभं राहून सांगत होतं, तू इथे आहेस. मला खरंच तसं वाटलं, आणि हे लिहितानाही त्याची लाज वाटत नाही.

आई म्हणाली, "मी जरा उन्हात बसते," आणि दूरच्या बाकाकडे निघाली. ऊन कुठेच नव्हतं. ती धुक्यात पुसट झाली आणि थोड्या वेळाने ते चिन्ह विझलं. मी तिच्या मागे चालत गेले. बाक जवळ आला तसं ते पुन्हा उजळलं.

"आई, पर्समध्ये काय आहे?"

तिने पर्स छातीशी ओढली. "काय असणार? रुमाल, गोळ्या."

"त्याचा फोन आहे ना?"

तिने चेन उघडून फोन बाहेर काढला. काच एका कोपऱ्यात तडकलेली, बाकी स्वच्छ पुसलेला.

"तुला कसं कळलं?"

"कॅमेऱ्याने सांगितलं." मग मी तिला सगळं समजावलं. सिम नसलं तरी फोनला आपली जागा कळते. त्याने कॅमेऱ्याचं ॲप मागे कायम चालू राहील असं करून ठेवलं होतं, त्यामुळे कॅमेरा सुरू झाला की फोन आपणहून जोडला जातो.

आईने फोनकडे पाहिलं. "म्हणजे हा इतके दिवस काम करतोय?"

"हो."

"सकाळी गजर वाजतो त्याचा. तेवढा मी बंद करते," ती म्हणाली. "उघडता येत नाही, लॉकचा नंबर कोणाला माहीत आहे? पण बंद पडू देत नाही. घरी ठेवून आले आणि चार्जिंग संपलं तर, म्हणून सोबत आणला. बाबांना बोलू नकोस. त्यांना वाटतं, मी तो बॅगेत टाकून माळ्यावर ठेवलाय."

बाबा मागे कधी येऊन उभे राहिले, आम्हाला कळलं नाही. ते म्हणाले, "त्याचा चार्जर गेला होता दिवाळीत. नवा कोणी आणून लावला, असं वाटलं तुला?"

आईने सरकून बाकावर जागा केली. दोघं शेजारी बसले, मधे फोन. मी फोटो काढला. त्या फोटोवर काला अंबची जागा आहे, मुलाच्या फोनने लिहिलेली.

तेव्हापासून मी गाझियाबादला गेले की कॅमेरा न्यायचे. दारातून आत गेल्यावर चिन्ह उजळायचं. मला त्याची भीती वाटायची आणि ते उजळलं नसतं तर जास्त वाटली असती. रोजच्या वरणाला फोडणी द्यावी तसं सहज आई विचारायची, "लागला का?" मी म्हणायचे, "लागला."

जूनमध्ये त्यांच्याकडे दीड दिवस वीज नव्हती. सोसायटीचा जनरेटरही बसला. वीज आल्यावर आईने फोन चार्जिंगला लावला, तो सुरू झाला, पण आता आधी नंबर मागत होता. नंबर टाकेपर्यंत आतलं ॲप जागं होत नाही. मी कॅमेरा हातात घेऊन फोनशेजारी बसले. चिन्हावर आडवी रेघ होती, ती गेली नाही.

बाबा म्हणाले, "त्याची जन्मतारीख टाकून बघू?"

"नको," आई म्हणाली. "चुकीचं काही टाकू नका त्याच्यात."

कोणी टाकलं नाही. महिनाभराने मी माझा फोन कॅमेऱ्याला जोडला; जोडलेल्या फोनांच्या यादीत तो भावाच्या फोनखाली आला. आईला सांगितलं तेव्हा ती गवार मोडत होती.

"मग आता काय लिहील तो?"

"मी जिथे असेन ते."

"अच्छा," ती म्हणाली, आणि गवारीच्या शिरा काढत राहिली. "त्याचा मात्र काढून टाकू नकोस यादीतून."

मी काढलेला नाही.