रिकाम्या खुर्चीखालची ओळ

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लाल शाईचं पेन खिशाला आणि तिरका शब्द जिभेवर, अशी माझी ख्याती. लोक हसायचे, मला बरं वाटायचं. ज्याच्यावर बोललो त्याला काय वाटतं, हे बघायची सवय मात्र लागली नाही ती नाहीच.

आम्ही चौघे मित्र. दर रविवारी सकाळी सव्वाआठला एका साध्या हॉटेलात भेटायचो. चौघांनाही फोटोचं वेड, पण खरा हात एकाचाच. तो सरकारी कचेरीत कारकून होता, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन कसब्यातल्या गल्ल्या पालथ्या घालायचा. तांबटांच्या हातोड्या, बुरडांच्या टोपल्या, असले फोटो. वर्षातून एकदा आम्ही तीन दिवसांचं प्रदर्शन भरवायचो. फोटो बहुतेक त्याचे, खालच्या ओळी माझ्या. वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

फोटोखाली ओळ लिहायला मला त्यानंच शिकवलं. मी सुरुवातीला लिहायचो, ‘टोपली विणणारी म्हातारी’. तो म्हणायचा, “अरे, म्हातारी दिसतेय, टोपली दिसतेय. लोक आंधळे आहेत का? जे दिसत नाही ते लिही.” मग मी जाऊन विचारून आलो आणि लिहिलं, ‘सकाळपासूनची अकरावी’. त्यावर तो खूश. माणूस आधी फोटो बघतो, मग ओळ वाचतो, आणि ओळीनं त्याला पुन्हा फोटोकडे पाठवलं पाहिजे, एवढंच तिचं काम. ‘उदास’, ‘एकाकी’, ‘आठवण’ हे शब्द बंद, कारण बघणाऱ्याला काय वाटावं हे आपण सांगायचं नाही. एका दमात वाचून व्हावी. आणि ओळ खरी पाहिजे. खरेपणाच्या बाबतीत तो फार कडक होता. अकरावी म्हणजे अकरावीच, दहावी नाही.

तर अशा माणसाला मी बोललो. एका रविवारी त्यानं नवे फोटो टेबलावर मांडले. सगळे जरा पुसट होते. कडा कुठेच धारदार नाहीत. बाकीचे दोघे गप्प बसले. मी कसला गप्प बसतोय! म्हणालो, “वा! फोटो झकास, फक्त फोकस घरी विसरलास. खाली काय लिहू, ‘पुण्यात धुकं’?” शेजारच्या टेबलावरचेसुद्धा हसले. त्यानं फोटो गोळा केले, पाकिटात घातले, चहा अर्धा टाकून उठला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

महिनाभरानं आमच्यातल्याच एकानं मला सांगितलं, की त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालंय, उजव्या डोळ्यानं नीट दिसत नाही, आणि हे त्याला आमच्या त्या रविवारच्या चारच दिवस आधी कळलं होतं. शहाण्या माणसानं चपला घातल्या असत्या, दहा मिनिटांवर त्याचं घर होतं, तिथे जाऊन म्हणाला असता, “चुकलो रे बाबा.” मी गेलो नाही. खरं सांगतो, लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी ताठतो. माझा हा जन्माचा दोष आहे.

प्रदर्शन जवळ आलं होतं. त्यानं त्या वर्षी एकही फोटो दिला नव्हता. माझ्या डोक्यात आलं, की आपण एक फोटो काढू आणि त्याच्याखालच्या ओळीत काय ते सांगू. तो प्रदर्शन बघायला येणार हे नक्की होतं. येईल, वाचेल, समजेल, आणि रविवारी येऊन बसेल. तोंड उघडायची वेळच येणार नाही. मला ही युक्ती फार आवडली.

पहिल्या रविवारी मीच कॅमेरा धरला आणि फसलो. मी उठलो म्हणजे माझीही खुर्ची रिकामी! दोन रिकाम्या खुर्च्या म्हणजे नुसतं ओस पडलेलं हॉटेल. पुढच्या रविवारी कॅमेरा पलीकडच्या टेबलावर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवला, टायमर लावला आणि धावत येऊन बसलो. तीन माणसं, चौथी खुर्ची टेबलापासून जराशी मागे ओढलेली, कारण आत सरकवलेल्या खुर्चीकडे बघून कुणाची वाट बघतायत असं वाटत नाही. चहा आला होता. चार कप, चौथा फोटोपुरता मागवलेला. रोल धुवून आणला तर चौथ्या कपावर साय धरलेली, आणि ते सगळं दिसत होतं गेलेल्या माणसासाठी पान वाढून ठेवल्यासारखं. बघून मीच दचकलो. अरे, माणूस जिवंत आहे! म्हणून तिसऱ्या रविवारी चहा यायच्या आधीच फोटो काढला. टेबलावर फक्त पाण्याचे ग्लास.

मग ओळ. ‘रिकामी खुर्ची’ बाद, ती दिसतेच आहे. ‘त्याची खुर्ची’ बाद, तिकडे बोट दाखवल्यासारखं. ‘जागा राखीव’ मला दोन मिनिटं फार आवडली, मग कळलं की हा पुन्हा माझा विनोदच आहे. ‘आमचा मित्र आज नाही’ लिहिलं असतं तर त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, सांत्वनाचे फोन गेले असते. त्याचं नाव तर घालायचंच नव्हतं. नाव आलं की गावभर चर्चा, आणि त्याला ती सोसली नसती. चहा फोटोत नव्हता, म्हणजे तो ओळीत येऊ शकत होता. आणि मी त्या सकाळी खरोखरच चार चहा सांगितले होते. मुद्दाम, मोजून. एकानं विचारलं, “फोटोत चहा नाही, मग चार?” आणि मी पटकन म्हणालो, “अरे हो, चुकलंच.” म्हणजे तिथेच माझं कातडं वाचवलं.

कागदावर लिहिलं, ‘रविवार, सव्वाआठ. आज चार चहा सांगितले.’ झाली होती ओळ! तिथेच पेन खाली ठेवायला हवं होतं. पण वाचून बघितलं तर अंगावर आल्यासारखं झालं. फारच उघडं. म्हणजे मी त्याची वाट बघतोय हे दहा लोकांपुढे कबूल करण्यासारखं. म्हणून एक शब्द घातला. ‘रविवार, सव्वाआठ. आज चुकून चार चहा सांगितले.’ वा, म्हटलं, आता कशी हलकी झाली. नेहमीच्या ओळींच्याच बारीक टायपात पुठ्ठ्याच्या चिटोऱ्यावर छापून घेतली. ज्याच्यासाठी लिहिली त्याला आता बारीक अक्षर दिसत नाही, हेही माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या दिवशी त्या फोटोपुढे गर्दी. एक बाई ओळ वाचून मागे वळून पुन्हा फोटो बघायला आल्या. ओळखीचे पाठ थोपटत होते, “चुकून काय, क्या बात है!” मी जेवायला घरी गेलो आणि तेवढ्यात तो येऊन गेला. दारावर बसलेल्या आमच्या मित्रानं सांगितलं, की खिशातून भिंग काढून अगदी भिंतीला नाक लावून त्यानं ती ओळ वाचली. मग अभिप्रायाच्या वहीत लिहिलं. अक्षर मोठं, रेघांच्या वरखाली गेलेलं. ‘चित्र चांगलं. ओळीतला एक शब्द खोटा आहे.’

कुठला ते मला तत्क्षणी कळलं. वीस वर्षं चहा मीच सांगत आलो होतो, कधी एकाचाही घोळ केला नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण मी चिडलो. साऱ्या गावाच्या चुका काढणाऱ्या माणसाची चूक, तीही उघड्या वहीत! दारावरचा मित्र म्हणाला, “अजून दोन दिवस आहेत, बदलून टाक की ओळ. छापखाना तुझाच आहे.” मी म्हणालो, “एकदा लावलेली ओळ मी उतरवत नाही. खटकतंय त्याला तर येऊन तोंडावर सांगू दे.” तीन दिवस ‘चुकून’ तिथेच राहिला.

तो रविवारी आला नाही. मीही त्याच्या घरी गेलो नाही. पुढे त्याच्या मुलानं हिंजवडीला फ्लॅट घेतला आणि तो आणि वहिनी तिकडे राहायला गेले. तेवढ्या लांब कोण जातंय, असं म्हणायची मला सोय झाली. तिथे गेलो ते शेवटी तो वारल्यावर, वहिनींना भेटायला. तिघे मिळून. वहिनी समोर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. शेवटी शेवटी काहीच दिसत नव्हतं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या त्या खुर्चीच्या फोटोला हे दोनदा येऊन गेले होते. ठाऊक आहे ना?”

मी म्हणालो, “दोनदा?”

“शेवटच्या दिवशी परत गेले. मी म्हटलं, एकदा बघितलंत ना, डोळ्यांना कशाला ताण? तर म्हणाले, त्यानं ओळ बदलली का बघून येतो. बदलली असेल तर तसाच त्याच्याकडे जाईन, जेवायला थांबू नकोस. तासाभरात परत आले. म्हणाले, तशीच आहे, वाढ.”

मग वहिनींनी विचारलं, “काय होती हो ती ओळ? मला कधी सांगितलीच नाही त्यांनी.”

मी सांगितली. “रविवार, सव्वाआठ. आज चार चहा सांगितले.”

वहिनींचे डोळे भरून आले. म्हणाल्या, “किती छान लिहिलंत हो. मग ह्यांना त्यात काय खुपलं?”

तेव्हा मला तो शब्द सांगावा लागला.