हळद, ब्लीचिंग आणि लोकरीचा गालिचा

बुऱ्हाणपूरच्या बाहेर, टिनाच्या शेडमध्ये मी गालिचे धुतो, आणि तिथे येणाऱ्या अतिशहाण्यांचा मला मनापासून वीट आला आहे. पण एका केळीवाल्या बागायतदाराच्या घरच्यांइतकी चीड मला दुसऱ्या कुणाची आली नाही.

त्यांच्या सुनेने नेपानगरच्या माहेरून लोकरीचा गालिचा आणला होता. वडिलांनी कागद कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लेकीसाठी हौसेने घेतलेला. पुढे ते गेले. सासूबाईंच्या डोळ्यांत तो पहिल्या दिवसापासून खुपला. "किती झडते हे! मेंढ्या पाळल्या का घरात?" नवी लोकर सुरुवातीला झडतेच, मग थांबते, हे मी सांगून पाहिलं. ऐकतंय कोण? बाईंनी सुनेचा गालिचा गुंडाळून ठेवला, चकचकीत प्लास्टिकच्या धाग्याचा आणला आणि हॉलमध्ये अंथरला.

वर्षभरात त्याची रया गेली. सोफ्याच्या पायांखाली खड्डे, दारापासून टीव्हीपर्यंत लव आडवी, तेलकट काळे पट्टे. मी धुतला, ब्रश मारला. झोपलेली लव काही उठली नाही. एक गुण मात्र होता: आमटी सांडली की बाई ब्लीचिंगचं पाणी ओतत आणि डाग साफ. तेवढ्यावर त्या स्वतःला धुण्यातल्या पंडित समजू लागल्या.

मुलीच्या हळदीला पाहुण्यांपुढे ते चपटं ध्यान अंथरायची लाज वाटली. तेव्हा बरा सुनेचा गालिचा आठवला! पाटाखाली लोकर आणि वर हळदीची वाटी. लोकरीवर पाणी सांडलं तर क्षणभर थेंब होऊन थांबतं, टिपून घेता येतं. हळद मात्र लोकरीला रंगवूनच सोडते. वाटी कलंडली.

सुनेने फोन केला. मी म्हटलं, "टिपून घ्या, घासू नका. उन्हात ठेवा, फिकी होईल. पूर्ण मात्र मलाही काढता येणार नाही."

मागून सासूबाई ओरडल्या, "इतकं पण नाही जमत, तर दुकान कायले खोललं?"

मग त्यांनी साबण घासला. साबणाने हळद लालभडक झाली. बाई घाबरल्या आणि त्यांनी ब्लीचिंगचं घट्ट पाणी ओतून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघी गालिचा घेऊन शेडवर आल्या. मधोमध लोकर पिवळी, कडक. चिमटीत धरली तर सुटून हातात आली. खाली नुसते सुती धागे.

"आता काढा डाग," सासूबाई म्हणाल्या.

"डाग कुठे राहिला? लोकरच विरघळवली तुम्ही."

"जाऊ द्या. प्लास्टिकवाला नवा कुठे भेटेल?"

अशा माणसांशी बोलून तोंड कशाला शिणवायचं?

सून खाली बसून शाबूत राहिलेल्या कडेवरून हात फिरवत होती. "भाऊ, घासलं नसतं तर हळद राहिली असती ना?"

"राहिली असती. फिकी."

"मले चालली असती," ती म्हणाली. "नणंदेची हळद होती ती. बाबांच्या गालिच्यावरची."