मशीन चालू असतानाचा ‘हं’

ऑफिसात तिला सगळे टिपणताई म्हणत. काम एकच, पण भलतं किचकट. विमान कंपनीच्या ग्राहकांचे फोन रेकॉर्ड होत आणि ते ऐकून टिपणताईने प्रत्येकाचं अर्ध्या पानात टिपण करायचं. फ्लाइट कुणी रद्द केली, कंपनीने की प्रवाशाने. पैसे परत द्यायचे की पुढच्या प्रवासासाठी क्रेडिट. बुकिंगचा नंबर, तक्रारीचा नंबर. आणि कोणत्या तारखेचा शब्द दिलाय. पुढे रिफंड विभाग ते अर्धं पान वाचून मोकळा. मूळ फोन पुन्हा ऐकायला कुणाला वेळ होता! टिपणात लिहिलं ते खरं, बाकी सगळं हवेत.

बाई हुशार होती यात वाद नाही. ‘सात दिवसांत’ आणि ‘कामकाजाच्या सात दिवसांत’ यातला फरक तिच्या कानातून कधी निसटला नाही. बुकिंगच्या नंबरातला घाईघाईत सांगितलेला ‘बी’ आहे की ‘डी’, हे ती तीनदा मागे जाऊन ऐकायची. पण आकड्यांवर जीव टाकणाऱ्या माणसाचं शब्दांकडे कधीकधी दुर्लक्ष होतं, आणि तिचं घोडं नेमकं तिथेच अडलं.

त्यात तो आठवडाच वाईट होता. दादाने आईला वृद्धाश्रमात ठेवलं होतं. टिपणताईला कळलं ते ठेवून झाल्यावर. तिने विचारलं, तर दादा म्हणाला, आईला सगळं नीट समजावलं, तिने हं म्हटलं, आणखी काय पाहिजे? टिपणताईने ऐकून घेतलं. आईची मर्जी असेल तर आपण कोण, असं स्वतःला बजावून ती कामाला लागली. मन मात्र लागत नव्हतं.

एका शिलाईवाल्या बाईंचं जुनं प्रकरण त्याच आठवड्यात तक्रार होऊन परत आलं.

या बाई घरी बसून कपडे शिवून देणाऱ्या. बहीण शेवटच्या दुखण्यात होती, तिला भेटायला निघाल्या होत्या. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. कंपनीने आदल्या दिवशी फ्लाइट रद्द केली. दुसरी सोय होईपर्यंत बहीण गेली. आता कंपनी म्हणत होती, पैसे मिळणार नाहीत, वर्षभरात कुठेही उडा, तेवढं क्रेडिट तुमच्या नावावर आहे. बाईंचं म्हणणं साधं होतं. तिकडे जाण्यासारखं आता कुणी उरलं नाही, तर उडून जाऊ कुठे? मला माझे पैसे द्या. तिकिटासाठी त्यांनी दोन बांगड्या मोडल्या होत्या. रिफंड विभागाचं उत्तर तयारच होतं: ‘प्रवाशाने क्रेडिट मान्य केले आहे, पाहा टिपण.’ टिपणाखाली नाव टिपणताईचं.

‘क्रेडिट मान्य’ हे तिनेच लिहिलं होतं. तिने हेडफोन चढवला आणि बाईंच्या पहिल्या फोनचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.

फोनवरचा मुलगा भराभर बोलत होता, जणू त्याच्या मागे कुणी लागलंय. फ्लाइट आमच्याकडून रद्द झालीय मॅडम, आम्ही क्रेडिट देतोय मॅडम, एक वर्ष चालेल मॅडम. मधे मधे बाई म्हणत होत्या, हं. हं. हं. पहिल्या वेळी टिपणताईने शेवटचा हं पकडला होता आणि पुढच्या फोनकडे वळली होती. आज तिने आवाज वाढवला. बाईंच्या मागे काहीतरी घरघरत होतं. पहिल्यांदा तिला वाटलं, लाइन खराब आहे. मग कळलं, शिलाई मशीन. बाई पाय चालवत ऐकत होत्या.

टिपणताई मागे गेली. मुलाने बुकिंगचा नंबर विचारला, तेव्हा मशीन थांबलं. बाईंनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं आणि मशीन पुन्हा सुरू झालं. बहिणीला बरं नाहीये हो, हे सांगताना मशीन थांबलं. क्रेडिटचं चाललं होतं तेव्हा मात्र ते एकदाही थांबलं नाही. आणि त्या शहाण्याने प्रश्न विचारलाच नव्हता! पैसे हवेत की क्रेडिट, असं एकदाही नाही. विमान कंपनीने स्वतः फ्लाइट रद्द केली तर पैसे परत मागायचा हक्क प्रवाशाचा असतो, हे त्याने बाईंना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्याने सांगत जायचं आणि बाईंनी हुंकार भरायचा, एवढंच झालं होतं.

तक्रारीच्या फोनमध्ये बाई हेच म्हणाल्या होत्या, अगदी थकलेल्या आवाजात.

“तो सांगत होता, मी ऐकत होते. हो कुठे म्हटलं मी?”

ते वाक्य ऐकून टिपणताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. स्वतःचा असा राग तिला फार वर्षांत आला नव्हता.

साहेब काही मोठ्या मनाचे नव्हते. एका हं वरून बंद झालेलं प्रकरण उघडायचं का, असं त्यांनी विचारलं. उघडलं तर चूक तुमच्या नावावर चढेल, महिन्याच्या गुणांत मार बसेल, हेही प्रेमाने सांगितलं. टिपणताईने वाद घातला नाही. तिने त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि फक्त मशीन ऐकवलं. नंबर सांगताना थांबलेलं, क्रेडिटच्या वेळी चालू राहिलेलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हेडफोन काढला नाही. पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, लिहा.

तिने लिहिलं: फ्लाइट कंपनीने रद्द केली. रिफंडचा पर्याय सांगितला नाही. प्रवाशाने ‘हं’ म्हटले. हा होकार नाही. आधीच्या टिपणातील ‘मान्य’ ही नोंद माझी चूक. खाली बुकिंगचा नंबर, दोन्ही फोनचे तक्रार नंबर, आणि रेकॉर्डिंगमध्ये कुठे ऐकायचं ती जागा.

दोन दिवसांनी निकाल आला. क्रेडिट रद्द, पूर्ण रक्कम ज्या कार्डावरून भरली त्याच कार्डावर, नवा नंबर, नवी तारीख. बाईंना तसा फोन गेला आणि त्याचं रेकॉर्डिंग टिपणाला तिच्याकडेच आलं. या वेळची मुलगी शहाणी होती. सगळं सांगून थांबली आणि विचारलं, चालेल ना? घरघर बंद झाली. बाई म्हणाल्या, हो. मग म्हणाल्या, पैसे येतील हो, पण तिची भेट राहिलीच. ते टिपणात कुठे लिहायचं, तसा रकानाच नव्हता.

टिपणताई उठून जिन्यात गेली आणि तिने वृद्धाश्रमात फोन लावला. आईला बोलावून आणेपर्यंत बराच वेळ गेला. जेवलीस का, झोप लागते का, सगळ्याला आईचं हं.

“आई, दादाने तुला विचारलं होतं का गं? तिथे राहायचंय का म्हणून?”

आई म्हणाली,

“तो सांगत होता बाई, मी ऐकत होते.”

टिपणताईने जिन्याचा कठडा धरला. घरी दीड खोली, नवऱ्याला अजून विचारलेलं नाही, दादाशी भांडण ठरलेलं. हे सगळं एकदम डोक्यात आलं. तिकडून आईने हळूच विचारलं, तू येशील का गं न्यायला?

“हं,” ती म्हणाली. आणि लगेच, तिला स्वतःलाच त्या हं ची भीती वाटून, म्हणाली, “हं नाही आई. हो. हो म्हणतेय मी.”