फुकटचा चार

शामराव टेंब्यांना कुणाला वाईट म्हणता येत नसे, आणि हा आपला मोठेपणा आहे असं त्यांना पन्नाशी उलटली तरी मनापासून वाटत होतं. भाजी खारट झाली तर "आज चव काही वेगळीच आहे" म्हणून ते एक पोळी जास्त खात. इंदूरला सांवेर रोडवर पॅकिंग मशिनांच्या कारखान्यात ते सर्व्हिस विभागाचे मॅनेजर. मार्च आला, हाताखालच्या लोकांचं अप्रेझल भरायची वेळ झाली, की पाचपैकी चार गुण ते सगळ्यांना प्रसादासारखे वाटून टाकत. विकासाच्या योजनेत एकच वाक्य असे : 'संवादकौशल्य वाढवावे.' ते त्यांनी विभागातल्या अर्पितलाही लिहिलं होतं. अर्पित एवढा बोलायचा की ग्राहकच दमून फोन ठेवत.

यंदा मात्र यामिनीच्या बढतीचा प्रश्न होता. बिघडलेलं मशीन फोनवरून सुरू करून देणारी ही मुलगी गेल्या वर्षीच सीनियर इंजिनियर व्हायला हवी होती. तेव्हा बढतीच्या समितीने नाव मागे ठेवलं. शामरावांनी समितीला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. उघड द्यायचा स्वभाव नव्हता ना!

यंदा त्यांनी यामिनीला सगळीकडे पाच दिले. दुसऱ्याच दिवशी एचआरच्या संहिताने रिपोर्ट परत आणून टेबलावर ठेवला.

"टेंबेजी, पुरावा कुठंय?"

"अरे भई, मी सांगतोय ना, मुलगी हिरा आहे!"

"तुम्ही तर सगळ्यांनाच हिरा म्हणता, सर. समितीत तुमच्या चारला कोणी विचारत नाही. मागच्या साली यामिनीचं नाव म्हणूनच अटकलं."

म्हणजे समिती नव्हे, आपला गोडवाच त्या पोरीच्या आड आला होता. शामरावांना स्वतःची फार लाज वाटली. आणि लाज वाटली की त्यांना भूक लागत असे, म्हणून आधी त्यांनी एक कचोरी मागवली.

मग बसले पुरावा शोधायला. आठवून पाहिलं तर फक्त गेल्या महिन्यातलं आठवत होतं : यामिनीने केक आणला होता. हा काही पुरावा नव्हे, एवढं त्यांनाही कळलं. शेवटी वर्षभराच्या तक्रारींची नोंद काढली, ग्राहकांचे ईमेल वाचले. पाकिटं बंद करणाऱ्या सीलिंगच्या बिघाडासाठी यामिनीने तपासणीचा क्रम ठरवून दिल्यापासून तीच तक्रार पुन्हा येणं निम्म्यावर आलं होतं. बिघाड शोधण्याला पाच. पुराव्यासकट लिहिताना त्यांची छाती फुगली.

पण त्याच नोंदीत दुसरंही होतं. यामिनी काम संपवायची, पण काय केलं ते लिहायची नाही. ती रजेवर असताना देवासच्या एका ग्राहकाचं मशीन बंद पडलं, तर अर्पितला सगळं पहिल्यापासून शोधावं लागलं. असं वर्षात बऱ्याचदा झालं होतं. काम दुसऱ्याकडे सोपवण्याला दोन. शामरावांनी दोन लिहिला, खोडला, तीन केला, पुन्हा दोन केला. जणू मुलीचं लग्न मोडत होते.

खाली योजना लिहिली : तक्रार मिटली त्याच दिवशी नोंद, अर्पितला सोबत घेऊन शिकवणं, तीन महिन्यांनी दोघांनी बसून आढावा. मग यामिनीला बोलावलं. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या. नंतर भिंतीवरच्या पंख्याकडे बघत त्यांनी दोनचं सगळं सांगून टाकलं, देवाससुद्धा.

यामिनीने कागद नीट वाचला. "बरोबर आहे, सर. नोंद करायचा मला कंटाळाच येतो." मग थांबून म्हणाली, "पण हे मागच्या साली पण असंच होतं ना? तेव्हा का नाही बोललात?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"बढती नाही मिळाली तेव्हा वाटलंच ना, सर. आणि कारण पण माहीत नव्हतं."

यामिनीने सही केली आणि कर्मचाऱ्याच्या अभिप्रायात तेच लिहिलं : 'दोन मान्य. गेल्या वर्षी सांगितलं असतं तर आज तीन असता.'

पंधरवड्याने संहिताचा फोन आला. बढती मंजूर. "सर, दोन पाहिला तेव्हा समितीला पाच खरा वाटला."

शामरावांनी सगळ्या विभागाला कचोऱ्या खिलवल्या. मग आपल्या खुर्चीत येऊन स्वतःचा फॉर्म उघडला. तो अजून वरच्या साहेबांकडे जायचा होता. 'हाताखालच्यांना स्पष्ट अभिप्राय देणे' या रकान्यात त्यांनी स्वतःला, सवयीने, चार दिले होते. ते खोडून त्यांनी एक केला. शेजारी पुराव्याच्या जागी यामिनीचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

विकासाच्या योजनेत 'संवादकौशल्य वाढवावे' असं लिहिलं. या वेळी ते योग्य माणसाच्या फॉर्ममध्ये पडलं होतं.