पाव मार्काचा अंदाज

माझी वहिनी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. तिथे दशांश चुकला तर पेशंटचं औषध बदलू शकतं, म्हणून तिला मोघम काही चालत नाही. नोकरीच्या परीक्षेतही ती तशीच बसायची आणि स्तंभ-रेषेच्या मिश्र आलेखापाशी अडकायची. पाच प्रश्नांना वीस मिनिटं! वयाच्या अटीत बसणारा हा तिचा शेवटचा प्रयत्न होता आणि शिकवायला मी, त्याच परीक्षेला पहिल्यांदा बसणारी तिची दीडशहाणी नणंद.

स्तंभ डाव्या पट्टीवर वाच, रेषा उजवीवर, इथून सुरुवात केली. मग आकडे गोल करायला लावले. पाचशे ब्याण्णवचे चौतीस टक्के म्हणजे सहाशेचा तिसरा हिस्सा, दोनशेच्या आसपास. लॅबमध्ये असं केलं तर मला हाकलून देतील, ती म्हणाली. पण महिनाभरात तिचा हात बसला.

परीक्षेत पंख्यांच्या कारखान्याचा आलेख आला. स्तंभ उत्पादनाचे, रेषा विक्रीच्या टक्केवारीची. सर्वांत जास्त पंखे पडून राहिले ते वर्ष कोणतं? सगळ्यात उंच स्तंभ सहाशे दहाचा, पण त्यातले सोळाच टक्के उरलेले, म्हणजे शंभराच्या आत. सगळ्यात बुटका तीनशे अठ्ठ्याऐंशीचा, त्यातले पस्तीस टक्के उरलेले, म्हणजे एकशे तीसच्या वर. उत्तर बुटकाच. आम्हा दोघींचंही बरोबर आलं.

शेवटचा प्रश्न पाच वर्षांत मिळून किती टक्के पंखे विकले गेले, हा होता. मी रेषेवरच्या पाच टक्केवाऱ्यांची सरासरी काढली, ७६.८. पर्यायांत तीच बसलेली. लगेच खूण केली.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, तो प्रश्न तिने सोडून दिला. सगळे पर्याय एकमेकांपासून जेमतेम टक्काभराच्या आत होते, नीट गुणाकार करायला वेळ नव्हता. घाबरट कुठली, म्हणून मी तिला चिडवलं.

घरी कागद घेतला तेव्हा माझं तोंड उतरलं. उंच स्तंभांच्या वर्षांत टक्केवारीही जास्त होती आणि एकूण बेरजेत वजनही त्याच वर्षांचं जास्त. खरं उत्तर ७७.७ होतं. चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापला जायचा.

निकाल लागला. कटऑफ साडेएकसष्ट. वहिनीचे बरोबर साडेएकसष्ट, माझे सव्वाएकसष्ट. तो प्रश्न कोरा ठेवला असता तर मीही आत होते. तिच्यासाठी आनंद झाला आणि पोटातही दुखलं, खोटं कशाला बोलू. ती लॅबमधून आली ती थेट माझ्याशेजारी येऊन बसली. मी म्हटलं, शिकवलं मी आणि पास तू.

"तेवढ्या वेळात तुला जे जमत नव्हतं ते मलाही जमत नव्हतं," ती म्हणाली. "मला ते तिथेच कळलं, एवढंच."

वयाच्या अटीत माझ्या हातात अजून नऊ वर्षं आहेत, असंही ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.