आईचा वाटा आणि कलम चव्वेचाळीस

सरकारी कारकुनाच्या परीक्षेची उत्तरसूची लागली आणि पात्रतेला मला एक गुण कमी पडला. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, आई शेतात राबायची. त्या नोकरीवर सगळ्यांचे डोळे होते.

अडलेला प्रश्न नागरिकशास्त्राचा होता: न्यायालयातून बजावून घेता येणाऱ्या मूलभूत हक्कांची जोडी ओळखा. मी 'अस्पृश्यतेला बंदी आणि समान नागरी कायदा' यावर खूण केली होती. सूचीत बरोबर ठरली होती 'अस्पृश्यतेला बंदी आणि धर्मस्वातंत्र्य'. मला दोन्ही जोड्या बरोबरच वाटत होत्या. गोव्यात सर्व धर्मांना एकच कौटुंबिक कायदा आहे, आणि धारगळच्या माहेरच्या जमिनीत आईने भावांइतकाच वाटा कोर्टातूनच मिळवला होता. हरकत घ्यायला तीन दिवस होते.

अर्ज लिहून, त्यावर जाणकार म्हणून सही घ्यायला मी साखळी गावातल्या आमच्या नागरिकशास्त्राच्या निवृत्त सरांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला.

"अक्षर सुंदर आहे हां, बाबू," ते म्हणाले. "आईला वाटा कोर्टाने कशाच्या आधारे दिला?"

"पोर्तुगीजांच्या काळातल्या कायद्याच्या. मुक्तीनंतर तोच चालू ठेवला."

"निकालात राज्यघटनेचं चव्वेचाळिसावं कलम होतं?"

"नाही."

"असणार कसं! ते मार्गदर्शक तत्त्व. समान नागरी कायदा आणण्याचा प्रयत्न करावा, असं ते सरकारला सांगतं. पण सरकारने नाही आणला, तर त्या कलमावर कोर्ट तो आणायला लावू शकत नाही. सदतिसाव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. आता उद्या कुणी तुझ्यावर अस्पृश्यता लादली तर?"

"थेट कोर्टात जाता येतं. तो मूलभूत हक्क."

"मग? आईने बजावून घेतला तो साधा कायदा. तू खूण केलीस ती तत्त्वावर."

तरीही मी म्हणालो, "सर, एकच गुण हवाय."

"ते मला कळतं रे. पण या अर्जावर मी सही कशी करू?" त्यांनी कागद परत दिला आणि आत चहा सांगितला.

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. ती घाबरलीच.

"मगे माझो वांटो कच्चो काय रे?"

"नाही गे. तुझा वाटा कायद्याने दिलाय, तो पक्का. माझंच उत्तर चुकलं."

"सरांनी सांगितलां?"

"हो."

"मगे तो कागद कित्याक धरून बसलास?"

तिसऱ्या दिवशी मुदत संपली. मी अर्ज दिला नाही. मुलाखतीचे पत्र आले नाही, आणि बाबांनी शेजाऱ्यांना सांगितले, पोराचे एका गुणाने राहिले. नशिबाने, असे मात्र मी त्यांना म्हणू दिले नाही.