लेकीचं दुधाळ रक्त

तलावावर सगळे त्यांना मास्तर म्हणत. पोरांना पोहायला शिकवण्यात त्यांची हयात गेली. पन्नाशीला गुडघ्याने दगा दिला आणि मास्तर खुर्चीत बसून शिट्टी फुंकू लागले. पोट सुटलं, साखर वाढली, आणि एका सकाळी स्वादुपिंड सुजल्यामुळे त्यांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. रक्तात नुसती चरबी झाली होती, तिनेच ते सुजलं होतं. डॉक्टरीणबाईंनी खाणं बंद केलं, इन्शुलिनची बाटली लावली आणि बघता बघता रक्त निवळलं.

"रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं," बाई म्हणाल्या. "ते रक्तातली चरबी फोडून शेजारच्या पेशींना देतं. जेवल्यावर इन्शुलिन त्याला मेदात कामाला लावतं. उपाशी असलं की ते मेदात मंदावतं, हृदयात आणि स्नायूंत वाढतं. व्यायामानेही स्नायूंत वाढतं. तुमची हालचाल थांबली, इन्शुलिन पुरेना, म्हणून ते थंडावलं."

मास्तरांनी ते गाठीशी बांधलं. घरी धाकटी लेक होती, लहानपणापासून पोटदुखीने रडणारी. पोहायचं टाळायची सोंगं, असंच ते धरून चालले होते. आता त्यांना वाटलं, बसून बसून हिचंही एन्झाइम झोपलंय. ते तिला रोज पाण्यात ढकलू लागले.

"दुखतंय हो बाबा."

"हात मार. आपोआप थांबेल."

मैत्रिणीकडे तळलेलं जेवून आली, त्याच संध्याकाळी ती कळवळून खाली बसली. दवाखान्यात मास्तरांनी तिच्या रक्ताची नळी पाहिली. आत साय धरलेलं दूध असावं, तसं दिसत होतं.

"मला लावलीत तीच बाटली लावा हिला," ते कसंबसं म्हणाले.

"लावून बघितली. रक्तातली चरबी उतरत नाही." बाईंचा आवाज खाली आला. "तुमच्यात एन्झाइम होतं, ते जागं झालं. हिच्यात ते जन्मापासूनच बिघडलंय. इन्शुलिन द्या नाहीतर पळवा, जे नीट बनतच नाही ते वाढणार कसं? तोंडाने चरबी न जाणं, एवढंच हाती आहे. म्हणून आता काहीच द्यायचं नाही."

"पण हे आलं कुठून?"

"सदोष जनुक आईकडून एक, तुमच्याकडून एक. तुम्हा दोघांकडे दुसरं चांगलं होतं, म्हणून निभावलं."

मास्तरांची बायको भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही, तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही.

लेक वाचली, पण स्वादुपिंडाचा बराचसा भाग गेला. तिला ताट वेगळं, उकडलेलं, तेलातुपाचा थेंब नसलेलं. एवढं करूनही दुखणं अधूनमधून गाठायचंच.

एकदा खाटेवर पडल्या पडल्या तिने विचारलं, "बाबा, मी सोंग करत नव्हते, हे आता पटलं ना?"

"पटलं," मास्तर म्हणाले. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मास्तर तिथेच बसून राहिले.